एक्सबा-वन कापत का नाही, आणि जीवाणू स्वतःला का कापून घेत नाही

प्रश्न: प्रायमरला एक्सबा-वनची साइट लावून पीसीआर केला, तुकडा टीए वेक्टरमध्ये घातला, सिक्वेन्सिंग करून घेतलं. साइट जशीच्या तशी आहे. प्लाझ्मिड डीएच-फाइव्ह-अल्फामधून काढलं. पण एक्सबा-वन लावलं की जेलवर काहीच कापलेलं दिसत नाही. तेच एन्झाइम लॅबमधल्या दुसऱ्या प्लाझ्मिडला छान कापतं. सर म्हणाले, ‘मिथिलेशन बघ.’ पण मिथिलेशन तर जीवाणू स्वतःचा डीएनए वाचवायला करतात ना? मग माझ्या प्लाझ्मिडला कोण वाचवतंय? आणि एवढी भानगड असताना सगळे हीच एन्झाइम्स का वापरतात?

उत्तर:

आधी एक काम करा. सिक्वेन्सिंगची फाइल उघडा आणि TCTAGA च्या लगेच आधीची दोन अक्षरं आणि लगेच नंतरची दोन अक्षरं पाहा. आधी GA असेल किंवा नंतर TC असेल, तर सरांनी अचूक बोट ठेवलंय. तसं नसेल तर मात्र मिथिलेशनच्या मागे लागू नका. प्रेपमधलं उरलेलं इथेनॉल, चुकीचा बफर, असली नेहमीची कारणं आधी तपासा. दुसऱ्या प्लाझ्मिडला तेच एन्झाइम कापतंय, म्हणजे एन्झाइम मेलेलं नाही. शिवाय टीए वेक्टरमध्ये घालण्यापूर्वी पीसीआरचा तुकडा थेट एक्सबा-वनने कापून पाहिला असता तर बहुधा कापला गेला असता. या शेवटच्या वाक्यातच बरंचसं उत्तर आहे. पण त्याकडे यायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल, कारण ‘मिथिलेशन म्हणजे स्वतःचा बचाव’ हे तुम्ही ऐकलेलं अर्धंच खरं आहे.

ही एन्झाइम्स सापडली ती फाजच्या अभ्यासातून. फाज म्हणजे जीवाणूंना ग्रासणारे विषाणू. लॅम्डा हा फाज ई. कोलायच्या सी जातीत वाढवला आणि मग के जातीवर टाकला, तर दहा हजारांत जेमतेम एखादाच तग धरतो. गंमत पुढे आहे. जो तगला त्याची पिल्लं पुन्हा के वर टाका, ती सगळीच्या सगळी वाढतात. म्युटेशन झालं असेल असं वाटतं, पण तीच पिल्लं एकदा सी मधून फिरवून आणली की पुन्हा के समोर हतबल. म्युटेशन असं एका फेरीत पुसलं जात नाही. म्हणजे फाजच्या डीएनएवर कसलीतरी खूण बसते, ती ज्या पेशीत तो वाढला त्या पेशीची असते, आणि ती डीएनएच्या अक्षरक्रमात नसते. 1960 च्या दशकात वेर्नर आर्बर आणि डेझी दुस्वा यांनी दाखवलं की परका डीएनए पेशीत शिरल्यावर तोडला जातो आणि खूण असलेला वाचतो. ही खूण म्हणजे मिथाइल गट, हे पुढे स्पष्ट झालं.

तर व्यवस्था अशी: एक एन्झाइम ठरावीक क्रम दिसला की डीएनए कापतं, दुसरं एन्झाइम त्याच क्रमातल्या एका बेसवर मिथाइल गट बसवतं. इको-आर-वन घ्या. त्याचा क्रम GAATTC. त्याच्या जोडीचं मिथाइलेज त्यातल्या दुसऱ्या A वर मिथाइल लावतं. हा मिथाइल गट डीएनएच्या मोठ्या खाचेत डोकावतो. बेसची जोडी त्यानं बिघडत नाही, पेशीचं वाचन-लेखन सुरळीत चालतं. पण कापणारं एन्झाइम नेमकं त्याच खाचेत हात घालून अक्षरं चाचपत असतं. मिथाइल आड आला की पकड बसत नाही आणि काप होत नाही.

सहा अक्षरांचा कुठलाही एक क्रम सरासरी 4,096 बेसजोड्यांत एकदा येतो, कारण चार गुणिले चार असं सहा वेळा. ई. कोलायचा जीनोम सुमारे 46 लाख बेसजोड्यांचा. म्हणजे ढोबळ हिशेबानं अकराशेच्या आसपास साइट्स, आणि त्यातली प्रत्येक झाकलेली हवी. दोन्ही धागे तुटून दुरुस्त न झालेला एखादा कापसुद्धा पेशीच्या जिवावर उठू शकतो.

आता इथे एक अडचण दिसते आणि ती विद्यार्थी सहसा विचारत नाहीत. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते. नवा धागा ताज्या न्यूक्लिओटाइडांपासून बनतो, त्यावर मिथाइल नसतो. मग नक्कल झाल्याक्षणी एन्झाइम नव्या डीएनएवर तुटून का पडत नाही? उत्तर साइटच्या आकारात आहे. GAATTC दोन्ही धाग्यांवर, आपापल्या दिशेनं, सारखाच वाचला जातो. त्यामुळे प्रत्येक साइटवर दोन मिथाइल गट असतात, एक या धाग्यावर, एक त्या. नक्कल झाल्यावर प्रत्येक प्रतीत एक जुना धागा असतोच आणि त्यावरची खूण शाबूत असते. अशा अर्ध्या खुणेच्या साइटला इको-आर-वन जवळपास हातच लावत नाही, आणि मिथाइलेजला तेवढ्या वेळात उरलेली बाजू भरून काढता येते. बाहेरून आलेल्या फाजकडे दोन्ही बाजू कोऱ्या असतात. त्या साइटवर दोन्ही एन्झाइम्सची शर्यत लागते आणि बहुतेक वेळा कात्री जिंकते. क्वचित मिथाइलेज आधी पोचतं. दहा हजारांत एक वाचणारा लॅम्डा तो हाच.

एका धाग्यावरचा एक मिथाइल पुरतो, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या प्लाझ्मिडची गोष्ट त्यावरच अडली आहे.

जाता जाता आणखी एक, कारण मला हा भाग फार आवडतो. ही जोडी एखाद्या प्लाझ्मिडवरून नव्या पेशीत शिरली तर तिथला सगळा डीएनए कोराच असतो. कात्री आधी तयार झाली तर यजमान पेशी खलास. म्हणून अनेक व्यवस्थांमध्ये वेळेचं गणित बांधलेलं असतं. पीव्हीयू-टूच्या बाबतीत एक छोटं नियंत्रक प्रथिन आधी साठतं आणि ते पुरेसं झाल्यावरच कात्रीचं जनुक जोरात चालू होतं. मिथाइलेज तोवर काम उरकून घेतं. उलट बाजूही आहे. असं प्लाझ्मिड पेशीनं गमावलं तर दोन्ही एन्झाइम्स पिढीगणिक विरळ होत जातात. काही साइट्स उघड्या पडतात, आणि कात्रीचे थोडे रेणू उरलेले असले तरी ते जीनोम तोडायला पुरतात. म्हणून जपानमधल्या इचिझो कोबायाशी यांच्या गटानं 1995 मध्ये या व्यवस्थांना स्वार्थी म्हटलं: त्या पेशीचं रक्षण करतात, आणि पेशीनं त्यांना सोडू नये याचीही तजवीज करतात. मला हे पटतं. निव्वळ ‘जीवाणूंची प्रतिकारशक्ती’ म्हणून ही गोष्ट शिकवली जाते तेव्हा यातला अर्धा मसाला गळून पडतो.

आता तुमच्या नळीकडे येऊ. तुमचं प्लाझ्मिड वाचवणारं एन्झाइम एक्सबा-वनच्या जोडीचं नाही. एक्सबा-वन मूळचं झॅन्थोमोनास या जीवाणूचं, आणि डीएच-फाइव्ह-अल्फामध्ये त्याची व्यवस्था नाहीच. पण ई. कोलायकडे डॅम नावाचं वेगळं मिथाइलेज आहे. त्याच्या जोडीला कात्री नाही, ते एकटंच आहे. ते प्रत्येक GATC मधल्या A वर मिथाइल बसवतं. नक्कल करताना चूक झाली तर जुना धागा कुठला आणि नवा कुठला हे दुरुस्ती यंत्रणेला त्या खुणेवरून कळतं, हे त्याचं एक मोठं काम. म्हणजे परक्या डीएनएपासून बचाव हा त्याचा धंदाच नव्हे. आता समजा तुमच्या प्रायमरची शेपटी अशी आहे:

```
5'-GCGATCTAGA...-3'
3'-CGCTAGATCT...-5'
```

वरच्या धाग्यावर तिसऱ्या अक्षरापासून सहाव्यापर्यंत वाचा: GATC. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत वाचा: TCTAGA. दोन्ही क्रम TC या दोन अक्षरांवर एकमेकांवर चढलेले आहेत. आता खालचा धागा उजवीकडून डावीकडे वाचा. तिथंही TCTAGA आहे, आणि त्यातलं शेवटचं A हे डॅमच्या GATC मधलंही A आहे. डॅमनं आपल्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून तिथं मिथाइल ठेवला, आणि तो बरोबर एक्सबा-वनच्या साइटच्या आत पडला. वरच्या धाग्यावरचा डॅमचा मिथाइल साइटच्या बाहेर आहे, तो निरुपद्रवी. पण खालचा एकटा पुरेसा आहे. साइटनंतर TC आलं, म्हणजे TCTAGATC, तर हेच उलट्या बाजूनं घडतं. लॅबमधल्या दुसऱ्या प्लाझ्मिडमध्ये साइटच्या आजूबाजूला वेगळी अक्षरं असणार, म्हणून तिथं अडथळा नाही.

पीसीआरचा तुकडा नळीत बनतो, साध्या न्यूक्लिओटाइडांपासून. त्यावर मिथाइल नसतोच. म्हणून तो कापला जातो, आणि तोच तुकडा डीएच-फाइव्ह-अल्फामध्ये एक रात्र राहून आला की कापला जात नाही. सिक्वेन्सिंगमध्ये हे दिसत नाही, कारण नेहमीचं सिक्वेन्सिंग अक्षर वाचतं, त्यावरचा मिथाइल नाही.

खात्री करायची असेल तर असं करा. 20 मायक्रोलिटरची रिअॅक्शन लावा: 500 नॅनोग्रॅम प्लाझ्मिड, 10 पट बफर 2 मायक्रोलिटर, एन्झाइम 1 मायक्रोलिटर, बाकी पाणी, 37 अंशांवर एक तास. एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये येतं, म्हणून ते एकूण आकारमानाच्या दहा टक्क्यांवर नेऊ नका; ‘कापत नाही तर अजून घाल’ या मोहात काही एन्झाइम्स भलत्या क्रमांवरही कापू लागतात. एका नळीत तुमचं प्लाझ्मिड, दुसरीत ते चांगलं कापलं जाणारं, आणि तिसरीत दोन्ही एकत्र. तिसरीत चांगलं प्लाझ्मिड कापलं गेलं आणि तुमचं नाही, तर तुमच्या प्रेपमध्ये एन्झाइमला मारणारं काही नाही हे सिद्ध झालं. ही मिश्र नळी बहुतेक जण लावत नाहीत, आणि मग आठवडाभर नव्यानं प्रेप काढत बसतात.

जेल वाचतानाही जरा जपून. समजा तुमचं प्लाझ्मिड 4,000 बेसजोड्यांचं आहे: वेक्टर 3,000, तुकडा 1,000, वेक्टरमध्ये एक्सबा-वनची साइट नाही, आणि तुकड्याच्या दुसऱ्या टोकापलीकडे हिंद-थ्रीची एकच साइट आहे. न कापलेलं प्लाझ्मिड पीळ घातलेल्या आणि सैल अशा दोन रूपांत असतं, त्यामुळे सहसा दोन पट्टे दिसतात आणि त्यांची उंची लॅडरशी जुळत नाही. नुसतं हिंद-थ्री लावलं की 4,000 वर एक स्वच्छ पट्टा आला पाहिजे. दोन्ही एन्झाइम्स एकत्र लावल्यावर साधारण 3,000 आणि 1,000 असे दोन अपेक्षित. तिथंही फक्त 4,000 चा एकच आला, तर हिंद-थ्री चाललं आणि एक्सबा-वन अडलं. दोन्हीचं मिश्रण दिसलं, म्हणजे 4,000 सोबत 3,000 आणि 1,000 सुद्धा, तर काप अर्धवट आहे. तेव्हा संशय मिथिलेशनवर कमी आणि एन्झाइमचं प्रमाण, वेळ किंवा प्रेपवर जास्त घ्या. डॅम भरपूर वाढणाऱ्या पेशीतही जवळजवळ सगळ्या GATC गाठतं, त्यामुळे त्याचा अडथळा सहसा अर्धवट नसतो.

उपाय तीन आहेत आणि कुठला घ्यायचा हे तुम्ही कुठवर आला आहात यावर आहे. क्लोन हातात आहे आणि नवा प्रायमर मागवायचा नाही, तर प्लाझ्मिड डॅम नसलेल्या जातीत घाला. कॅटलॉगमध्ये `dam-/dcm-` असं शोधा. वसाहती कमी येतील, घाबरू नका. पूर्ण मिथाइल असलेलं प्लाझ्मिड तिथं एकदा नक्कल झालं की अर्ध्या खुणेचं होतं, आणि अशा प्लाझ्मिडची पुढची नक्कल अडखळते. पण जी वसाहत येते तिच्यातल्या प्रती कोऱ्या असतात आणि एक्सबा-वन त्या निमूट कापतं. मात्र प्लाझ्मिड त्या जातीत मुक्कामाला ठेवू नका. डॅमशिवाय दुरुस्ती यंत्रणेला जुना धागा ओळखता येत नाही आणि म्युटेशनचा दर वाढतो. डीएनए काढा, कापा, साठवणीची प्रत डीएच-फाइव्ह-अल्फामध्येच राहू द्या.

पीसीआरचा तुकडा शिल्लक असेल तर टीए वेक्टरचा टप्पाच गाळा. तुकडा थेट कापा आणि मुख्य वेक्टरच्या एक्सबा-वन साइटमध्ये जोडा. कापताना GA ही दोन अक्षरं शेपटीबरोबर गळून पडतात, त्यांच्या जागी वेक्टरची अक्षरं येतात, आणि ती GA नसतील तर पुढे अडथळाही राहत नाही.

प्रायमर पुन्हा मागवणार असाल तर शेपटी `GCGCTCTAGA` अशी करा, आणि जनुकाचं पहिलं अक्षरयुग्म TC नाही ना हे बघा. किंवा साइटच बदला. स्पे-वन (ACTAGT) आणि एनएचई-वन (GCTAGC) कापल्यावर तेच CTAG चं टोक सोडतात, ते एक्सबा-वनच्या टोकाला चिकटतं. फक्त जोड झाल्यावर ती जागा तीनपैकी कुठल्याच एन्झाइमनं परत कापता येत नाही, हे आधी ठरवून घ्या.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. एवढी भानगड असून हीच एन्झाइम्स का? कारण जीवाणूंच्या सगळ्या व्यवस्था आपल्या कामाच्या नाहीत. ई. कोलाय के मधली, लॅम्डाला अडवणारी व्यवस्था पहिल्या प्रकारची आहे. ती आपला क्रम ओळखते, पण कापते तिथून शेकडो-हजारो बेसजोड्या दूर कुठेतरी, एटीपी जाळून, आणि दर वेळी वेगळ्या जागी. फाज मारायला ते पुरेसं आहे. प्रयोगशाळेत त्याचा उपयोग शून्य, कारण हाती येणारे तुकडे एकसारखे नसतात. 1970 मध्ये हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विल्कॉक्स यांनी हिमोफिलस इन्फ्लुएन्झीमधून काढलेलं एन्झाइम वेगळं निघालं. ते ओळखतं तिथंच कापतं, मॅग्नेशियमपलीकडे काही मागत नाही, आणि मिथाइलेजपासून सुटं आहे, म्हणजे नुसती कात्री बाटलीत भरता येते. वर्षभरात कॅथलीन डॅना आणि डॅनियल नेथन्स यांनी तशाच एन्झाइमनं एसव्ही-40 विषाणूचा डीएनए कापला आणि जेलवर 11 तुकडे दिसले. पुन्हा कापला तरी तेच 11. जिथं तुकडे दर वेळी तेच येतात तिथं नकाशा काढता येतो. आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना 1978 चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. इको-आर-वनसारखी एन्झाइम्स त्यात आणखी भर घालतात: G नंतर तिरका काप देऊन AATT चं चिकट टोक सोडतात, आणि कुठल्याही दोन सजीवांच्या डीएनएची टोकं त्यामुळे जुळतात. कापाशिवाय जोडणाऱ्या पद्धती आज आहेत, मीही वापरतो. पण क्लोन बरोबर आहे का, हे दोन पट्ट्यांत सांगणारी तपासणी मला अजून हीच सोपी वाटते.

डॅमचा मिथाइल दर वेळी वैरी नसतो, हेही सांगतो. न्यूमोकोकसकडे डीपीएन-वन नावाचं उलट्या स्वभावाचं एन्झाइम आहे: ते मिथाइल असलेलाच GATC कापतं. एम्बो-वन त्याच क्रमावर मिथाइल नसेल तरच कापतं. तुमचं प्लाझ्मिड एकेका नळीत या दोघांना द्या. डीपीएन-वनच्या रांगेत बारीक तुकडे आणि एम्बो-वनच्या रांगेत प्लाझ्मिड अखंड, असं दिसलं की डॅमचं मिथिलेशन आहे. यानं तुमचीच साइट अडली आहे हे सिद्ध होत नाही, ते अक्षरक्रमातूनच ठरवायचं.

पीसीआरनं प्लाझ्मिडमध्ये ठरवून म्युटेशन घालताना शेवटी डीपीएन-वन घालतात तेही याचसाठी. डीएच-फाइव्ह-अल्फामधून आलेला साचा मिथाइलयुक्त म्हणून तुकडे होतो, नळीत बनलेली नवी प्रत वाचते. त्यामुळे तुम्ही आता `dam-/dcm-` जातीतून जी प्रेप काढाल तिच्या नळीवर ठळक लिहून ठेवा. ती चुकून अशा प्रयोगात साचा म्हणून वापरली गेली, तर डीपीएन-वन तिला हात लावणार नाही आणि प्लेटवर जुन्याच प्लाझ्मिडच्या वसाहती भरभरून येतील.